एक पोरगं वाढलं आणि तुकड्या दोन झाल्या: रिग्रेशन डिसकंटिन्युइटी पेपरात लिहायची कशी

दरवर्षी संचमान्यतेचा सीझन आला की तोच वाद सुरू होतो. पट दोन-चारने कमी पडला म्हणून एका शाळेतला शिक्षक अतिरिक्त ठरतो, शेजारच्या शाळेत दोन पोरं जास्त म्हणून तिथं एक शिक्षक वाढतो, आणि मग व्हॉट्सॲपवर दोन्हीकडून लेख फिरायला लागतात. एक बाजू म्हणते वर्ग लहान असला की पोरं शिकतातच, त्यात काय सिद्ध करायचं, दुसरी म्हणते शिक्षक वाढवून काही होत नाही, पुरावा दाखवा. पुरावा म्हणून जे पेपर पुढं केले जातात त्यात ‘रिग्रेशन डिसकंटिन्युइटी’ असं भारदस्त नाव असतं, पुढं बँडविड्थ, लोकल इफेक्ट वगैरे, आणि बहुतेक जण तिथंच पीडीएफ बंद करतात. एज्युकेशन पॉलिसीवर पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचीही गंमत अशी की सॉफ्टवेअरमधून आकडा बरोबर काढतात आणि लिहायला बसले की त्याच आकड्याला भलतंच बोलायला लावतात.

म्हणून एकच केस घेऊन शेवटपर्यंत जाऊ, इस्रायलमधल्या वर्गाच्या आकाराची. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लेवी यांचा १९९९ चा पेपर या विषयात सगळ्यात जास्त शिकवला जातो, आणि वीस वर्षांनी त्याचं पुढं जे झालं ते तर अजून शिकण्यासारखं आहे.

सरळ तुलना का करायची नाही

सगळ्यात सोपं काय, तर मोठ्या वर्गातल्या पोरांचे मार्क आणि लहान वर्गातल्या पोरांचे मार्क समोरासमोर ठेवायचे. इस्रायलच्या पाचवीच्या डेटावर हे केलं तर उत्तर येतं की मोठ्या वर्गातली पोरं जास्त हुशार! म्हणजे वर्ग जितका भरलेला तितका निकाल चांगला. हे खरं मानलं तर सगळ्या शाळांमध्ये दाटीवाटीने पोरं बसवायला हवीत.

होतं असं की मोठे वर्ग मोठ्या शाळांत असतात, मोठ्या शाळा शहरात, आणि शहरात शिकलेले, बऱ्या कमाईचे पालक जास्त. लहान वर्ग बऱ्याचदा आडबाजूच्या, गरीब वस्तीतल्या शाळेत. म्हणजे आपण वर्गाचा आकार मोजतोय असं वाटत असतं आणि खरं तर घरची परिस्थिती मोजत असतो. अँग्रिस्ट-लेवींनी शाळेत वंचित घरातली मुलं किती टक्के आहेत एवढं एक हिशोबात धरलं तरी तो उलटा फरक जवळपास गळून पडला. पण ‘जवळपास’ने भागत नाही, कारण न मोजलेल्या अजून किती गोष्टी आत लपल्यात ते कुणाला माहीत.

नियमामुळे पडलेली उडी

इस्रायलच्या सरकारी शाळांत १९६९ पासून एक नियम लागू झाला, एका तुकडीत ४० च्या वर मुलं नकोत. कल्पना बाराव्या शतकातले ज्यू पंडित मायमॉनिडीझ यांच्या वचनाकडून आलेली म्हणून पेपरात त्याला मायमॉनिडीझचा नियम म्हणतात. इयत्तेचा पट ४० असेल तर एक तुकडी, ४० जणांची. पट ४१ झाला की दोन तुकड्या, सरासरी साडेवीस जणांच्या. ८० ला पुन्हा ४०-४० च्या दोन आणि ८१ ला २७ च्या तीन. नियमानुसार वर्गाचा आकार किती असायला हवा ते असं काढतात, यात e म्हणजे इयत्तेचा पट आणि int म्हणजे भागाकारातला फक्त पूर्णांक:

```
f = e / (int((e - 1) / 40) + 1)
```

आता नीट बघा. ४० पटाची शाळा आणि ४१ पटाची शाळा यांच्यात मुळात काय फरक असणार? एका पोराचा. त्या वर्षी एखादं कुटुंब त्या भागात राहायला आलं की नाही, एवढाच. पालक तसेच, वस्ती तशीच. दोन गावांच्या शिवेवरचे लागून असलेले बांध असतात ना तसं आहे हे, माती तीच, पाऊस तोच, फक्त तलाठी वेगळा, त्यामुळे दोन्ही बांधांवर काही वेगळं दिसलं तर ते तलाठ्यामुळे असं म्हणायला जागा होते. इथं तलाठ्याच्या जागी वर्गाचा आकार. पटाच्या रेषेवर ४० च्या अलीकडे मार्कांची एक सरळ रेषा ओढायची, ४१ च्या पलीकडे दुसरी, आणि मधोमध दोन रेषा जुळत नसतील, उडी दिसत असेल, तर ती उडी हे आपलं उत्तर. ‘डिसकंटिन्युइटी’ म्हणजे ही उडी. ज्या आकड्यावरून कोण अलीकडे कोण पलीकडे हे ठरतं, इथं पट, त्याला रनिंग व्हेरिएबल म्हणतात, पण मी पुढं पटच म्हणेन.

मार्क पटाबरोबर हळूहळू वाढत असतील तर त्याची या पद्धतीला अडचण नाही. मोठ्या शाळा श्रीमंत भागात असल्या तरी चालतं, कारण ती श्रीमंती ४० वर अचानक उडी मारत नाही, ती हळूहळू चढते. उडी फक्त नियम मारतो. पेपरात हे गृहीतक स्पष्ट एका वाक्यात लिहायचं: नियम नसता तर सीमेवर मार्कांची उडी पडली नसती. पुष्कळ जण इथं ‘विद्यार्थी रँडम वाटले गेले’ असं लिहितात, तसं लिहू नका, कुणी चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत.

पण नियम कोण तंतोतंत पाळतं?

कुणी नाही, इस्रायलमध्येही नाही. काही शाळा ३७-३८ लाच तुकडी फोडतात, काही ४१ झाले तरी एकाच वर्गात बसवतात. त्यामुळे कागदावर ४० वरून साडेवीस अशी साडेएकोणीसची उडी असली तरी प्रत्यक्षात सरासरी वर्ग तेवढा लहान होत नाही. नियम शंभर टक्के लागू होतो तेव्हा डिझाइनला ‘शार्प’ म्हणतात, असा अर्धामुर्धा लागू होतो तेव्हा ‘फझी’.

फझीत भागाकार करायचा असतो. गणित कळावं म्हणून मनचे आकडे घेतो: समजा सीमेवर मार्कांत १.८ ची उडी दिसली आणि त्याच सीमेवर वर्गाचा आकार प्रत्यक्षात ९ ने कमी झाला. १.८ भागिले ९, म्हणजे वर्गातलं एक मूल कमी झालं तर ०.२ मार्क. जर भागायला साडेएकोणीस घेतले, नियमातले, तर उत्तर निम्म्याहून कमी येईल आणि चुकेल. पेपरात म्हणून दोन्ही उड्या वेगवेगळ्या दाखवायच्या, आधी वर्गाच्या आकाराची, मग मार्कांची, आणि मग भागाकार. पहिलीच उडी बारीक असेल तर समजा की छेद शून्याच्या जवळ आहे आणि भागाकार कुठंही भरकटू शकतो, अशा वेळी मार्कांमधली उडी ‘नियमाचा परिणाम’ म्हणून तेवढीच सांगणं जास्त प्रामाणिक.

बँडविड्थ: सीमेपासून किती लांबपर्यंत बघायचं

आता मुख्य भानगड. ४० आणि ४१ पटाच्या शाळा तुलनेला सगळ्यात चांगल्या, पण अशा शाळा असणार किती? मूठभर. मूठभर शाळांचे मार्क नुसते योगायोगानेही वरखाली होतात. म्हणून आपण अजून लांबचे घेतो, ३६ ते ४५, किंवा ३० ते ५०. जितके लांब जाऊ तितक्या शाळा जास्त आणि आकडा स्थिर, पण तितक्याच त्या शाळा एकमेकींपासून वेगळ्या, आणि आपण ओढलेली सरळ रेषा तिथं खरोखर सरळ आहे का याचीही शंका. हे जे ‘किती लांब’ आहे त्याला बँडविड्थ म्हणतात. कमी ठेवली तर गोंगाट, जास्त ठेवली तर पूर्वग्रह, म्हणजे आकडा खऱ्या उत्तरापासून एका बाजूला सरकणं, दोन्ही एकदम टळत नाहीत.

याच डेटात बघा. अँग्रिस्ट-लेवींनी पूर्ण डेटा घेतला तेव्हा पाचवीच्या गणितासाठी सुमारे दोन हजार वर्ग हाताशी होते, सीमांपासून पाचच्या आतले घेतले तर पावणेपाचशेच्या आसपास उरले, तीनच्या आतले घेतले तर तीनेकशे. अंदाज साधारण तसाच राहतो, एक मूल कमी झालं तर पाव मार्काच्या आसपास, कुठं थोडा कमी कुठं थोडा जास्त, पण त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे नुसत्या योगायोगानं आकडा साधारण किती वरखाली होऊ शकतो ते माप, पूर्ण डेटात ०.०९ च्या आसपास असते ती सगळ्यात अरुंद पट्टीत ०.२८ पर्यंत जाते. म्हणजे रुंद पट्टीत ‘परिणाम आहे’ असं ठणकावून सांगता येतं आणि अरुंद पट्टीत तोच आकडा शून्यापासून वेगळा आहे की नाही हेही सांगता येत नाही. आकडा बदलला नाही, आपली खात्री बदलली. हा फरक लिहिताना पाळायला हवा, ‘अरुंद बँडविड्थमध्ये परिणाम नाहीसा होतो’ हे वाक्य इथं चूक ठरेल.

त्या काळी पाच किंवा तीन हे आकडे लेखक आपल्या अंदाजानं ठरवायचे. आता तसं चालत नाही. २०१२ मध्ये इम्बेन्स आणि कल्याणरामन यांनी डेटावरूनच बँडविड्थ काढायची रीत दिली, २०१४ मध्ये कॅलोनिको, कॅटॅनिओ आणि टिट्युनिक यांनी ती सुधारली आणि सॉफ्टवेअर फुकट दिलं. रीत काय करते, तर मघाच्या त्या दोन चुकांची, गोंगाट आणि पूर्वग्रह, बेरीज कुठं सगळ्यात कमी होते ते शोधते. आर या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच लिहायचं:

```r
library(rdrobust)
rdrobust(y = d$score, x = d$enrol, c = 40.5,
         fuzzy = d$class_size, kernel = "triangular",
         p = 1, bwselect = "mserd", cluster = d$school)
```

`p = 1` म्हणजे दोन्ही बाजूंना सरळ रेषा. वाकड्यातिकड्या, चौथ्या-पाचव्या घाताच्या रेषा ओढायचा मोह होतो कारण त्या डेटाला छान चिकटतात, पण टोकाला त्या पिसाळतात आणि आपल्याला नेमकं टोकच मोजायचं असतं, म्हणून गेलमन आणि इम्बेन्स यांनी २०१९ मध्ये सरळच सांगितलंय की असं करू नका. `triangular` म्हणजे सीमेजवळच्या शाळांना जास्त वजन, लांबच्यांना कमी. `c = 40.5` का, तर पट पूर्णांकात असतो, आणि हा प्रोग्रॅम सीमेवरचा आकडा पलीकडचा धरतो. इथं चुकून ४० घातलं तर ४० पटाच्या सगळ्या शाळा, ज्यांचे वर्ग सगळ्यात भरलेले, त्या ‘लहान वर्ग’ गटात जाऊन बसतात आणि उडी बरीचशी पुसली जाते. ही चूक दिसते अजिबात चमत्कारिक नाही, आकडा नीटनेटका येतो, फक्त वर्गाच्या आकाराची उडी संशयास्पदरीत्या छोटी असते. तिथंच पकडायची.

अजून एक, आणि हे विद्यार्थी हमखास विसरतात. ही रीत निवडते ती बँडविड्थ आकडा अचूक यावा म्हणून असते, आणि त्या बेरजेत थोडा पूर्वग्रह मुद्दाम सहन केलेला असतो. मग साधी कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान असावं अशी पट्टी, तो पूर्वग्रह धरतच नाही आणि असायला हवी त्यापेक्षा अरुंद दिसते. म्हणून `rdrobust` आउटपुटमध्ये ‘Robust’ अशी वेगळी ओळ देतं. आकडा नेहमीच्या ओळीतला द्या, इंटर्व्हल रोबस्ट ओळीतली द्या, आणि तसं केलंय हे लिहा.

बँडविड्थ हवी तशी निवडता येते, मग विश्वास का ठेवायचा?

रास्त शंका आहे. वीस बँडविड्थ चालवून बघायच्या आणि ज्यात आकड्यापुढं सांख्यिकीय खात्रीचे तारे येतात ती छापायची, हे होतं, लोक करतात. याच्यावर उपाय एकच, की वाचणाऱ्याला सगळं दाखवायचं. मुख्य आकडा डेटावरून काढलेल्या बँडविड्थचा, आणि मग एक आकृती, आडव्या अक्षावर बँडविड्थ, उभ्यावर अंदाज आणि त्याची पट्टी, निम्म्यापासून दुपटीपर्यंत. अंदाज एका पातळीला राहून फक्त पट्टी रुंद-अरुंद होत असेल तर ठीक. अंदाज बँडविड्थबरोबर सरकतच जात असेल, एका दिशेनं, तर रुंद बँडविड्थमध्ये पूर्वग्रह शिरतोय असं समजायचं आणि ते लिहायचंही. आणि फक्त एकाच ठिकाणी, समजा ६ ते ७ च्या मध्ये, परिणाम दिसतोय, बाकी सगळीकडे नाही, तर त्या पेपरला माझ्याकडून नमस्कार.

पटाबाबत एक खास अडचण आहे. पट पूर्णांकात असल्यामुळे पाचची बँडविड्थ म्हणजे अलीकडे पाच आकडे, पलीकडे पाच आकडे, बस. तुमच्याकडे दहा हजार मुलं असतील, पण रेषा ओढायला बाजूला पाचच बिंदू आहेत. पेपरात म्हणून ‘एन बरोबर दहा हजार’ एवढंच लिहून थांबू नका, पटाचे वेगवेगळे आकडे किती आणि शाळा किती तेही सांगा. मुलांची संख्या वाचून रिव्ह्यूअर खूश होईल हा भ्रम आहे, तो शाळाच मोजणार.

आणि पटच फिरवला तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाला समजावून सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली लाखो पोरं निघाली होती. पटावर शिक्षक ठरतात, तुकड्या ठरतात, अनुदान ठरतं, म्हटल्यावर ३९ चे ४१ करायची इच्छा कुणालाही होणार.

आणि तसं झालं की शिवेवरचे दोन बांध सारखे राहत नाहीत. ४१ वर आलेल्या शाळा म्हणजे धडपड्या मुख्याध्यापक असलेल्या, वर ओळख असलेल्या, पालक जागरूक असलेल्या शाळा, आणि ४० वर राहिलेल्या बाकीच्या. चिलीमध्ये वर्गाची मर्यादा ४५ आहे, तिथं उर्कियोला आणि व्हरहूगन यांनी २००९ मध्ये दाखवलं की अनुदानित खाजगी शाळा सीमेपाशी थांबतात, आणि सीमेच्या दोन बाजूंना घरचं उत्पन्न आणि आईचं शिक्षण यांतच उडी दिसते. तिथं मार्कांची उडी बघून वर्गाबद्दल काही बोलायचा अधिकारच उरत नाही.

तपासायचं कसं, तर पटाचा हिस्टोग्राम काढा, प्रत्येक आकड्याला वेगळा खांब, आणि सीमेच्या लगेच पलीकडे खांब उंच आणि अलीकडे खड्डा दिसतो का बघा. याची औपचारिक चाचणी मॅक्रेरी यांनी २००८ मध्ये दिली, आता `rddensity` वापरतात. सोबत, नियमाआधीच ठरलेल्या गोष्टी, पालकांचं शिक्षण, सवलतीतली मुलं, आधीच्या वर्षाचे मार्क, यांवर हेच सगळं चालवायचं, तिथं उडी दिसायला नको. आणि हिस्टोग्राम स्वच्छ नसेल तर तो परिशिष्टात लपवू नका, पहिल्या पाच पानांत ठेवा.

इस्रायलचं काय झालं ते आता सांगतो. अँग्रिस्ट आणि लेवी यांनीच, अजून दोघांना बरोबर घेऊन, २०१९ मध्ये २००२ ते २०११ चा बराच मोठा डेटा घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि पट सीमेपाशी फिरवलेला सापडला, ४० च्या लगेच पलीकडे शाळा जास्त. त्यांनी मग शाळेनं कळवलेला पट बाजूला ठेवला आणि मुलांच्या जन्मतारखांवरून, कोण कोणत्या इयत्तेत असायला हवं हे बघून, पट नव्यानं बांधला, जन्मतारीख काही मुख्याध्यापकाच्या हातात नसते. उत्तर आलं शून्य, आणि तेही ढोबळ नाही, बारीक पट्टीतलं शून्य. गंमत म्हणजे कळवलेल्या पटावरूनही शून्यच, त्यामुळे फिरवाफिरवीनं इथं फार बिघडवलं नव्हतं असं ते म्हणतात. जुना निकाल नव्या काळात का सापडत नाही याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. स्वतःचाच गाजलेला निकाल स्वतः असा तपासायला काढणं मला तरी आवडलं.

आपल्याकडे असं काही करायचं तर ३० सप्टेंबरच्या पटावर विसंबण्याआधी दुसरं काही हाताशी आहे का, आधीच्या वर्षाचा खालच्या इयत्तेचा पट, गावातल्या जन्मनोंदी, ते बघावं लागेल.

लोकल इफेक्ट म्हणजे नक्की कुणाचा?

इथं सगळ्यात जास्त पेपर घसरतात. आकडा आला, तारे आले, आणि निष्कर्षात वाक्य येतं: ‘वर्ग लहान केल्यास विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढते.’ कोणते विद्यार्थी? कुठला वर्ग? किती लहान?

आपण फक्त सीमेवर बघितलं. म्हणून उत्तर सीमेवरच्या शाळांचं, ज्यांच्या इयत्तेचा पट ४० च्या आसपास आहे. पंधरा पटाच्या वाडीवरच्या शाळेबद्दल हा आकडा गप्प आहे, तिनं तुलनेत भागच घेतला नाही. फझीत अजून एक चाळणी लागते: ज्या शाळांनी नियमामुळे तुकडी फोडली, त्यांच्यापुरतंच उत्तर. ज्या कसंही करून लवकर फोडणारच होत्या आणि ज्या ४१ ला फोडणारच नव्हत्या, त्यांच्याबद्दल काहीच कळलं नाही. आणि बदल कुठून कुठं, तर चाळीसच्या घरातून विशीकडे. तीसवरून पंचवीसवर आणलं तर काय होईल हे इथून कळत नाही, ‘एका मुलामागे ०.२’ असा आकडा असला तरी, कारण तो भागाकार मोठ्या उडीची सरासरी आहे, प्रत्येक पायरी सारखी असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. ४०, ८० आणि १२० या तिन्ही सीमा एकत्र केल्या तर अजून मिसळ होते, पहिल्या सीमेवर साडेएकोणीसची घट, दुसरीवर तेराची, तिसरीवर पावणेदहाची, आणि तुमचा एक आकडा या सगळ्यांची वजनी सरासरी. सीमा वेगवेगळ्या दाखवता आल्या तर दाखवा.

‘मग सरकारला याचा उपयोग काय?’ असं लगेच विचारलं जातं. सरकारला प्रश्न जर सीमा हलवायचा असेल, मर्यादा ४० ची ३८ करू की ४२, तर ज्या शाळांवर परिणाम होणार त्या बऱ्याचशा याच, सीमेजवळच्या, आणि मग हा लोकल आकडा अगदी हवा तो आहे. प्रश्न जर ‘राज्यातल्या सगळ्या शाळांत शिक्षक दुप्पट करू का’ असेल, तर हा पेपर पुढं करू नका, उत्तर त्यात नाही.

आणि बदल कशात झाला हेही तपासा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ला तीन. कागदावर एका शिक्षकामागे ३० वरून साधारण २० मुलं. पण पाच इयत्ता आणि दोन शिक्षक अशा शाळेत तिसरा माणूस आला की आधी काय बदलतं, तर एका शिक्षकाला किती इयत्ता एकदम सांभाळाव्या लागतात ते. म्हणून इथं ‘वर्गाचा आकार’ असं लिहिणं चूक, ‘तिसऱ्या शिक्षकाचा परिणाम’ असं लिहा. सहावी ते आठवीला शंभरची सीमा तर अजून फसवी आहे, पट शंभरच्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापकही मिळतो आणि कला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव यांचे अर्धवेळ शिक्षकही. उडी दिसली तरी ती कुणामुळे, हे त्या सीमेवरून कधीच सुटणार नाही, डेटा कितीही असला तरी.

प्रत्यक्ष लिहायचं कसं

निकालाचा परिच्छेद मी साधारण असा लिहीन, कंसातल्या जागी तुमचे आकडे:

‘इयत्तेचा पट ४० वरून ४१ झाला की सरासरी वर्ग [अ] मुलांनी लहान होतो आणि गणिताचे गुण [ब] ने बदलतात. यावरून, ४० च्या आसपास पट असलेल्या आणि नियमामुळे तुकडी फोडणाऱ्या शाळांमध्ये, वर्गातलं एक मूल कमी होण्याचा परिणाम [क] गुण येतो, रोबस्ट ९५ टक्के पट्टी [ड ते ई]. अंदाज दोन्ही बाजूंच्या सरळ रेषांवरून, त्रिकोणी वजनानं, [ह] मुलांच्या बँडविड्थमध्ये काढला आहे. बँडविड्थ डेटावरून निवडली, तिच्यात [न] शाळा आणि पटाचे [म] वेगवेगळे आकडे येतात. बँडविड्थ निम्मी ते दुप्पट केल्यावर काय होतं ते आकृती २ मध्ये आहे. पट सीमेपाशी फिरवला गेला का याची चाचणी आणि आधीच ठरलेल्या गोष्टींवरच्या चाचण्या तक्ता ३ मध्ये.’

लांबलचक वाटेल, पण यातला कुठलाही तुकडा काढला की वाचणारा तो आपल्या मनानं भरतो, आणि बहुतेक वेळा जास्तच भरतो. ॲब्स्ट्रॅक्टमध्येही ‘४० च्या आसपास पट असलेल्या शाळांमध्ये’ हे शब्द ठेवाच, कारण पॉलिसीवाले लोक तेवढंच वाचतात.

आणि उत्तर शून्याच्या आसपास आलं तर ‘परिणाम आढळला नाही’ लिहून मोकळं होऊ नका, पट्टी वाचा. एका मुलामागे उणे ०.०२ ते अधिक ०.०३ अशी पट्टी आली तर मोठा परिणाम नाही असं ठामपणे लिहिता येतं. उणे ०.५ ते अधिक ०.६ आली तर तुमच्या डेटाला काहीच सांगता आलेलं नाही, तेही तसंच लिहायचं, आणि त्यावरून शिक्षकांची पदं कमी करा अशी शिफारस खाली जोडायची नाही.